खुर्चीखालची खडीसाखर

बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर दिवसभरात दहा किलोमीटर फिरून संध्याकाळी घरी आली, की सीटखालच्या दोन डब्यांमध्ये सुमारे दोन किलो नवा पदार्थ तयार झालेला असतो. पांढरट, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा, लेड सल्फेट नावाचा. सकाळी घरातून निघताना तो तिथे नव्हता. रात्रभर चार्जर लावला, तर उद्या सकाळीही नसेल.

हा हिशोब फॅरेडेच्या नियमातून सरळ निघतो. लेड-ॲसिड बॅटरीच्या एका सेलमधून एक अँपिअर-तास वीज काढली, की दोन्ही प्लेटांवर मिळून ११.३ ग्रॅम लेड सल्फेट जमतं. मध्यम आकाराच्या खुर्चीला दहा किलोमीटरला १५ अँपिअर-तासांच्या आसपास वीज लागते. बारा व्होल्टच्या एका बॅटरीत सहा सेल, अशा दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, म्हणजे सेल बारा. ११.३ गुणिले १५ गुणिले १२. उत्तर दोन किलोंच्या थोडं वर येतं. एवढ्या पदार्थाची रोज घडामोड होते, आणि वर बसलेल्या माणसाला जॉयस्टिकवरच्या दिव्यांपलीकडे त्यातलं काही दिसत नाही.

ही घडामोड गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली पहिल्यांदा करून दाखवली. शिशाचे दोन पत्रे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवले. एकावर शिसं, दुसऱ्यावर शिशाचं तपकिरी ऑक्साइड. वीज देताना दोघांचंही लेड सल्फेट होतं आणि ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांत जाऊन बसतं, म्हणून ॲसिड पातळ होतं. चार्ज करताना हेच सगळं उलटं फिरतं. रेल्वेच्या डब्यांपासून आपल्या घरच्या इन्व्हर्टरपर्यंत आजही हीच रसायनक्रिया चालते.

ती इतकी जोरकस का, याचं उत्तर अलीकडे, २०११ साली, गणिताने मिळालं आणि ते चक्रावून टाकणारं आहे. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावतात. एवढ्या वेगाला आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो आणि त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची पातळीही बदलते. फिनलंडचे पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडून दाखवलं, की या बॅटरीच्या एका सेलच्या सुमारे २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट केवळ सापेक्षतावादामुळे मिळतात. आवर्तसारणीत शिशाच्या बरोबर वरच्या घरात कथील आहे. पण कथलाची अशी बॅटरी होत नाही.

आता मुद्द्याकडे. लेड सल्फेट हे या बॅटरीचं रोजचं काम आहे आणि तिचा सर्वांत ओळखीचा आजारही तेच आहे. त्या आजाराला सल्फेशन म्हणतात. पदार्थ दोन्हीकडे एकच. फरक पडतो तो कणांच्या आकाराने, आणि आकार ठरतो वेळेने.

पिठीसाखर दुधात टाकली की क्षणात विरते. तेवढ्याच वजनाचा खडीसाखरेचा खडा तळाशी बसून राहतो. ताज्या लेड सल्फेटचे कण पिठीसाखरेसारखे असतात. चार्ज करताना त्यातलं शिसं आधी थोडंसं ॲसिडमध्ये विरघळावं लागतं, मगच ते प्लेटवर पुन्हा शिसं होऊन बसतं. कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि तितकं हे काम भराभर. पण बॅटरी रिकामी ठेवली, तर बारीक कण आपले आपण विरघळत जातात आणि तेच द्रव्य शेजारच्या मोठ्या कणावर जाऊन चढतं. लहान संपतात, मोठे फुगतात. काही आठवड्यांत पिठीची खडीसाखर होते. मग चार्जर कितीही इमाने इतबारे वीज ढकलत राहिला, तरी त्या खड्यांचा पृष्ठभागच इतका थोडा उरलेला असतो, की रात्रभरात ते विरघळत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कामातून गेला.

यातली सर्वांत सुंदर, आणि मालकाच्या दृष्टीने सर्वांत दुष्ट, गोष्ट पुढे आहे. लेड सल्फेट कडक ॲसिडमध्ये फारच कमी विरघळतं, लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम. साध्या पाण्यात मात्र ते लिटरमागे चाळीसेक मिलिग्रॅम विरघळतं. बॅटरी भरलेली असते तेव्हा ॲसिड कडक असतं. रिकामी होते तेव्हा ते पाण्याच्या दिशेने झुकतं. म्हणजे खडे वाढायला लागणारं द्रव्य सर्वांत जास्त असतं तेव्हाच विरघळण्याची सोयही सर्वांत चांगली असते. उकाडा असेल तर हे सगळं आणखी वेगाने होतं. म्हणूनच रिकामी बॅटरी एक दिवस उभी ठेवणं आणि भरलेली बॅटरी एक दिवस उभी ठेवणं यांची बरोबरी होत नाही.

बॅटरी बनवणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ऋण प्लेटच्या लगद्यात ते चिमूटभर, एक टक्क्याच्या आतबाहेर, बेरियम सल्फेट मिसळतात. पोटाचा एक्स-रे काढण्याआधी ‘बेरियम’ पाजतात ना, तेच. त्याच्या स्फटिकाची ठेवण लेड सल्फेटसारखी असते, त्यामुळे त्याचा प्रत्येक सूक्ष्म कण एका नव्या लेड सल्फेटच्या कणाचं बीज ठरतो. बीजं असंख्य म्हणून कण असंख्य, आणि म्हणून बारीक. दुसरी मिसळ लाकडाची. पूर्वी दोन प्लेटांमध्ये लाकडाच्या पातळ चकत्या घालत. त्या काढून रबराच्या घातल्या, तर बॅटऱ्या लवकर दम टाकू लागल्या. शोध घेतला तेव्हा कळलं, की लाकडातून झिरपणारं लिग्निन गुपचूप प्लेटांची राखण करत होतं. तेव्हापासून लाकडातून काढलेलं ते द्रव्य मुद्दाम लगद्यात घालतात. खुर्चीच्या बंद प्लास्टिक डब्यात आजही झाडाचा अंश असतो.

माझी आत्या सांगलीला असते. पोलिओमुळे लहानपणापासून पायांत बळ नाही. गेली काही वर्षं इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरते. खुर्चीत ३५ अँपिअर-तासांच्या दोन एजीएम बॅटऱ्या आणि चोवीस व्होल्टचा, पाच अँपिअरचा चार्जर. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. पावसामुळे सुमारे चाळीस दिवस खुर्ची पोर्चमध्ये उभी होती. ऊन पडल्यावर चार्ज करून बाहेर काढली, तर चार किलोमीटरमध्ये लाल दिवा. पूर्वी दहा किलोमीटर फिरूनही दोन पिवळे दिवे शिल्लक असायचे.

“पण चार्जिंग मात्र आता झटपट होतं हो,” ती म्हणाली. “पूर्वी कितीतरी तास लागायचे. आता दीड तासात हिरवा दिवा.”

तिला ही जमेची बाजू वाटत होती. जाणत्याच्या कानाला हेच वाक्य सर्वांत आधी खटकतं. चार्जर बॅटरीत किती वीज गेली हे मोजत नाही. तो मुख्यतः व्होल्टेज बघतो. आधी तो पूर्ण पाच अँपिअर देत राहतो आणि व्होल्टेज हळूहळू चढू देतो. ते २९ व्होल्टच्या आसपास पोचलं, की तिथेच धरून ठेवतो आणि आत जाणारा प्रवाह आपोआप ओसरत जाताना पाहतो. प्रवाह पुरेसा ओसरला की हिरवा दिवा, आणि त्यानंतर २७ व्होल्टच्या वर थोडंसं धरून ठेवण्याचं सावकाश काम. निरोगी बॅटरीत व्होल्टेज चढायला वेळ लागतो, कारण विरघळायला भरपूर बारीक माल असतो. सल्फेशन झालेल्या प्लेटवर खड्यांनी वाट अडवलेली असते. प्रवाह शिरताच व्होल्टेज टणकन वर जातं, प्रवाह लगेच ओसरतो आणि चार्जरची समजूत होते, की पेला भरला. तो भरलेला नसतो, त्याचा आकारच लहान झालेला असतो.

दुसरी खूण आत्यानेच सांगितली, तीही तक्रारीच्या सुरात. पुलाच्या चढावर दिवे झरझर उतरून लालवर येतात, वर पोचून दोन मिनिटं थांबलं की परत हिरवे होतात. खुर्चीवरची ती दिव्यांची पट्टी बहुधा व्होल्टमीटरच असते. चढावर मोटरी तीस-चाळीस अँपिअर मागतात. प्लेटचा जिवंत भाग थोडा उरला असेल, तर त्या थोड्या भागावर सगळा भार येतो आणि व्होल्टेज कोसळतं. ओझं सरलं की ते पुन्हा वर येतं आणि सगळं ठीक असल्याचा आव आणतं.

म्हणून नुसत्या मल्टिमीटरवर विसंबता येत नाही. रात्रभर चार्ज करून, जोडण्या काढून, दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही बॅटऱ्या मोजल्या. एक १२.८, दुसरी १२.६. एरवी दुकानदाराने हे आकडे पाहून दोन्ही चांगल्या म्हणून परत केल्या असत्या. खरी परीक्षा भार देऊन होते, आणि तिला महागडं यंत्र लागत नाही. गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना हॅलोजन बल्ब बारा व्होल्टच्या बॅटरीला लावला, की तो साडेचार अँपिअर खातो. बल्ब कपड्यांपासून दूर, फरशीवर ठेवायचा, कारण तो भाजेल इतका तापतो. मल्टिमीटर लावून घड्याळ सुरू करायचं आणि व्होल्टेज १०.५ वर आलं की बल्ब तत्काळ काढायचा. त्याखाली उतरवणं म्हणजे आपणच बॅटरी मारणं. हे करताना हातातली अंगठी-बांगडी काढून ठेवावी आणि पान्याचा दोन्ही टोकांना एकदम स्पर्श होऊ देऊ नये. या आकाराची बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओकते, धातू लाल होतो.

पहिल्या बॅटरीने बल्ब पाच तास जाळला. साडेचार गुणिले पाच, म्हणजे साडेबावीस अँपिअर-तास. डब्यावर ३५ लिहिलेलं असलं तरी ते वीस तासांत सावकाश काढण्याचं माप आहे. भराभर काढलं तर नवी बॅटरीही कमीच देते. प्यूकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली हा नियम मांडला. बल्बच्या वेगाने नव्या बॅटरीकडून तिशीच्या आसपास अपेक्षा धरता येते. तेव्हा साडेबावीस म्हणजे वयोमानाने ठीक. दुसरी बॅटरी एक तास पन्नास मिनिटांत १०.५ वर आली. सव्वाआठ अँपिअर-तास.

दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच खुर्चीत, एकाच चार्जरवर. मग एकच का मेली? उत्तर सीटच्या मागे सापडलं. आत्याला फोन चार्ज करता यावा म्हणून एका ओळखीच्या वायरमनने मोटरसायकलला लावतात तसा यूएसबीचा सॉकेट बसवून दिला होता. सॉकेट बारा व्होल्टचा, खुर्ची चोवीसची; त्याने सोपा मार्ग धरून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतली होती. सॉकेटवरचा निळा दिवा फोन लावलेला नसतानाही जळत होता. आम्ही प्रवाह मोजला, वीस मिलिअँपिअर. किरकोळ वाटतो. पण चाळीस दिवसांचे ९६० तास, त्याला ०.०२ ने गुणलं की १९ अँपिअर-तास होतात. खुर्ची उभी केली तेव्हा दहा किलोमीटरची फेरी होऊन १५ आधीच खर्च झालेले होते, आणि चार्जर लावलेला नव्हता. पस्तीसमधून पंधरा गेले, मग एकोणीस. ती बॅटरी हळूहळू रिकामी होत गेली आणि शेवटचे कित्येक दिवस तिच्यातलं ॲसिड पाण्याच्या जवळ पोचलेलं होतं. खडीसाखर व्हायला याहून चांगली परिस्थिती मिळणार नाही. पहिली बॅटरी अर्ध्यावर होती, तिलाही झळ लागली, पण ती तगली.

एक मेली तर खुर्ची निम्मी चालायला हवी होती, असं आत्याचं म्हणणं. बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात तेव्हा दोघींतून तेवढाच प्रवाह जातो, त्यामुळे कमकुवत बॅटरी संपली की खुर्ची संपली. चांगलीतले उरलेले अँपिअर आतच राहतात. चार्ज करतानाही तेच. आजारी बॅटरीचं व्होल्टेज उसळी घेतं, चार्जर बेरीज पाहून थांबतो, आणि निरोगी बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. थोडी उपाशी म्हणजे थोडं सल्फेट रोज शिल्लक, आणि शिल्लक म्हणजे नवे खडे. यामुळेच बॅटऱ्या जोडीने बदलतात. एकच नवी घातली, तर जुनी तिलाही आपल्या वळणावर नेते.

आजार उलटवता येतो का? काही आठवड्यांचा असेल तर थोडासा. अगदी लहान प्रवाहाने, दिवस-दोन दिवस, व्होल्टेजवर नजर ठेवून चार्ज करायचं, भार देऊन उतरवायचं, पुन्हा चार्ज करायचं. चांगल्या बॅटरीवर आम्ही हे केलं आणि तिची क्षमता थोडी वाढली. दुसरी आठाची नऊ झाली, एवढंच. बाजारात ठोके देऊन खडे फोडणारी यंत्रं मिळतात, आणि डब्यात टाकायच्या पुड्याही. पुड्यांचा इतिहास मोठा रंजक आहे. अमेरिकेत एडी-एक्सटू नावाची अशी पूड विकली जात होती. तिच्यात मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमचं सल्फेट. तिथल्या सरकारी मानक संस्थेने तपासून ती निरुपयोगी ठरवली, तर १९५३ साली वाणिज्यमंत्र्यांनी संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांचाच राजीनामा मागितला. शास्त्रज्ञ खवळले, ॲस्टिन परत आले, आणि पुढे विज्ञान अकादमीच्या समितीनेही पुडीत दम नसल्याचं सांगितलं. एक पुडी, आणि त्यापायी मंत्री-संचालकांची लढाई! खुर्चीच्या बॅटरीत तर पूड घालायला जागाच नसते. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, जेलमध्ये सिलिकाने थिजवलेलं. इन्व्हर्टरच्या सवयीने झाकण उचकटून डिस्टिल्ड वॉटर घालू पाहणारे लोक मी पाहिलेत. त्याने बॅटरी सुधारत नाही, वरचे व्हॉल्व्ह मात्र बिघडतात.

सवयींबद्दल लोकांत एक जुना समज घट्ट बसला आहे: पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करू नये. तो निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला. शिशाच्या बॅटरीला तो घातक आहे. दोन किलोमीटर फिरलात तरी संध्याकाळी चार्जर लावावा. आणि मधेच काढू नये, कारण शेवटची पंधरा-वीस टक्के भरती सर्वांत सावकाश होते. पहिल्या तीन तासांत बहुतेक माल विरघळतो. पुढचे चार-पाच तास प्रवाह क्षीण असतो, पण कोपऱ्याकोपऱ्यातले उरलेले कण तेव्हाच विरतात. रोज चार तासांनी चार्जर काढणारा माणूस खुर्ची ८५ टक्क्यांवर वापरतो आणि उरलेल्या पंधरा टक्क्यांत शांतपणे खडे पिकवत राहतो. आत्याकडे संध्याकाळी सहाला लावून झोपताना दहाला काढायची पद्धत होती, वीज वाचावी म्हणून. रिकाम्या चार्जरला रात्रभर किती वीज लागते आणि जोडीची किंमत किती, हे तिला मांडून दाखवल्यावर चार्जर सकाळपर्यंत राहू लागला.

खुर्चीतल्या या डीप सायकल बॅटरीचा एक वेगळा मुद्दा राहिला. गाडीची स्टार्टर बॅटरी त्याच आकाराची, स्वस्त, कुठेही मिळणारी. ती खुर्चीत का घालू नये? तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ, कारण तिला दोन-तीन सेकंदच प्रचंड प्रवाह द्यायचा असतो. रोज अर्धी रिकामी करत गेलात, तर त्या पातळ प्लेटांवरचा लगदा सुटून खाली पडतो. खुर्चीच्या बॅटरीच्या प्लेटा जाड, लगदा दाट. प्रवाह कमी देते, पण रोजचं उतरणं-चढणं सोसते.

आत्याने नवी जोडी घेतली. दुकानदाराने जुन्या दोन्ही वजन करून किमतीत वजा केल्या. शिसं वाया जात नाही, वितळून पुन्हा प्लेट होतं. “काकू, दोन वर्षं काढा आता,” तो म्हणाला. यूएसबीचा सॉकेट निघाला, त्याजागी चोवीस व्होल्टवर चालणारा, स्विच असलेला बसला, दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून. पावसाळ्यात खुर्ची उभी राहणार असेल तर ती भरून, मेन स्विच बंद करून ठेवायची आणि महिन्यातून एक रात्र चार्जर लावायचा, एवढं ठरलं.

सगळं नीट पाळलं तरी ही जोडी कधी ना कधी जाणारच, पण तेव्हा कारण वेगळं असेल. धन प्लेटमध्ये लगद्याला धरून ठेवणारी शिशाची जाळी असते. व्होल्टेज जितका काळ चढं, तितकं त्या जाळीचं शिसं आतून हळूहळू तपकिरी ऑक्साइड होत जातं, जाळी फुगते, ठिसूळ होते, तुटते. म्हणजे रिकामी ठेवली तर ऋण प्लेट सल्फेटने मरते, आणि भरलेली ठेवली तर धन प्लेट गंजाने. गंजाची चाल मात्र फार सावकाश असते. उकाडा वाढला की ती वाढते, दहा अंशांना साधारण दुप्पट. सांगलीच्या मे महिन्यात आत्याची खुर्ची आता पोर्चच्या पत्र्याखालून काढून आतल्या खोलीत उभी करतात.